‘६४ नमुने नाहीत, आठच आहेत’: मातीतल्या जिवांच्या अभ्यासावर रिव्ह्यूअरने शंका घेतली तर उत्तराचं पत्र कसं लिहायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यात एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलांना शिकवताना दर वर्षी तेच ते प्रश्न येतात, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर आणि रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांच्या स्क्रीनशॉटसकट. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. ते काल्पनिक आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून मी बेतलेले आहेत, पण चूक अगदी नेहमीची आहे.

उदाहरण असं. येऊरच्या जंगलात चार जागा आणि ठाणे शहरातल्या सोसायट्यांच्या बागांत चार जागा. प्रत्येक जागी पावसाळ्यात मातीचे आठ कोअर घेतले, ५ सेंमी व्यासाचे आणि १० सेंमी खोल. एकूण ६४ कोअर. टुलग्रेन फनेलमधून त्यातले कोलेंबोला काढून मोजले. (पोटाखालच्या चिमट्याने टुणकन उडणारे ते बारीक जीव. कुंडीला पाणी घालताना वर तरंगलेले तुम्ही पाहिले असतील.) दर कोअरमागे सरासरी जंगलात २१, बागेत ११. टी-टेस्ट केली, टी ३.६३ आला, पी ०.०००६. पेपर पाठवला आणि दोन रिव्ह्यूअरनी सॅम्पलिंगवरच बोट ठेवलं.

‘स्यूडोरेप्लिकेशन’ असा शेरा आला आहे. म्हणजे आम्ही खोटे नमुने दाखवले असं त्यांचं म्हणणं आहे का?

नाही. हा आरोप प्रामाणिकपणावर नाही, हिशेबावर आहे. हा शब्द स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मधल्या लेखात रूढ केला. त्यांनी प्रसिद्ध झालेले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले होते आणि ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या होत्या त्यांतल्या जवळपास निम्म्यांत, ४८ टक्क्यांत, ही चूक सापडली होती. तेव्हा लाजण्यासारखं काही नाही.

चूक अशी आहे. तुमचा प्रश्न ‘जंगल आणि बाग यांत फरक आहे का’ हा आहे. मग मोजायचं एकक जंगलाचा तुकडा किंवा बाग हे असायला हवं. एका बागेतले आठ कोअर एकाच मातीतून आलेले असतात: तोच माळी, तेच खत, तीच फवारणी. ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. एका घरातल्या आठ भावांची उंची मोजून ‘ठाणेकरांची सरासरी उंची’ काढली तर कोणी ऐकून घेणार नाही. टी-टेस्टला मात्र हे नातं माहीत नसतं. ६४ आकडे दिले की ती ६४ स्वतंत्र घरं धरून चालते.

मग आमचा नमुना खरोखर किती? आठ की ६४?

तुलनेसाठी आठ. चार विरुद्ध चार. ६४ कोअर फुकट गेले असं मात्र नाही. त्यांनी प्रत्येक जागेची सरासरी जास्त भरवशाची केली.

हिशेब हातानेच करून बघा, पत्र लिहिण्याआधी करायलाच हवा. जंगलातल्या चार जागांची सरासरी २२, १४, ३१, १७ आणि बागांची १२, ७, १६, ९ आहे असं धरू. हे आठ आकडे घेऊन टी-टेस्ट केली तर फरक तोच, १०. पण त्याची प्रमाण-त्रुटी २.७५ वरून ४.२० वर जाते. टी २.३८ येतो, मुक्ततेचे अंश ६२ ऐवजी ६ उरतात आणि पी साधारण ०.०५५ होतो. ०.०००६ वरून ०.०५५. रिव्ह्यूअरला नेमकं हेच दिसलं होतं. फरकाचा ९५ टक्के पल्ला उणे ०.३ पासून २०.३ पर्यंत जातो, म्हणजे ‘फरक जवळपास नाहीच’ इथपासून ‘जंगलात दर कोअरमागे वीस जास्त’ इथपर्यंत काहीही असू शकतं.

या टप्प्यावर मुलं हादरतात आणि मग भांडायला उठतात. थांबा. आधी पुढचा प्रश्न वाचा.

लॉग घेऊन केलं तर पी ०.०४ येतो. तेच पाठवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि नेहमी जरा दबक्या आवाजात.

हो, येतो. वरच्या आठ सरासऱ्यांचा लॉग घेऊन टी काढला तर २.६२ येतो आणि पी ०.०५ च्या खाली उतरतो. लॉग घेणं चुकीचंही नाही. कोलेंबोला मातीत सारखे पसरलेले नसतात. कुजलेल्या पानांच्या एखाद्या ढिगाऱ्यात शंभर आणि वीतभर अंतरावर दोन. सरासरी वाढली की विखुरणंही वाढतं, आणि वाढतं ते सरासरीपेक्षा जास्त वेगाने. एल. आर. टेलर यांनी १९६१ मध्ये मांडलेला घातनियम हाच. अशा आकड्यांत ‘दहाने जास्त’पेक्षा ‘इतकी पट’ ही भाषा जास्त खरी असते. आपल्या उदाहरणात ती साधारण १.९ पट येते आणि तिचा पल्ला १.०४ ते ३.५ पट आहे.

पण लॉग घ्यायचं कधी ठरवलं, हे महत्त्वाचं. पी बघण्याआधी, आकड्यांचं विखुरणं बघून ठरवलं असेल तर तसं लिहा. पहिला पी ०.०५५ आला म्हणून लॉगकडे वळला असाल तर दोन्ही आकडे पत्रात द्या. मी अशा वेळी साधारण असं लिहायला सांगते (पत्र इंग्रजीत जाईल, इथे आशय देते):

> ‘रिव्ह्यूअरचं म्हणणं बरोबर आहे. तुलनेचं एकक जागा हे आहे, कोअर नव्हे. आम्ही पूर्ण विश्लेषण जागेच्या पातळीवर पुन्हा केलं. मूळ मोजणीवर फरक १० (पल्ला –०.३ ते २०.३), लॉगवर १.९ पट (पल्ला १.०४ ते ३.५). दोन्ही निष्कर्ष आता मजकुरात आहेत. दिशा एकच आहे, पण चार-चार जागांवर तिचं प्रमाण नेमकं सांगता येत नाही. गोषवाऱ्यातलं “लक्षणीयरीत्या जास्त” हे विधान काढलं आहे.’

०.०४ हाती आला म्हणून ढोल वाजवू नका. दोन पद्धतींत पी ०.०५ च्या अलीकडे-पलीकडे उडी मारत असेल, तर तुमच्या आकड्यांत तेवढंच बळ आहे एवढाच त्याचा अर्थ.

रिव्ह्यूअरने ‘मिक्स्ड मॉडेल वापरा’ म्हटलं आहे. ते वापरलं की प्रश्न सुटला ना?

जागा हा रँडम घटक म्हणून घातलात तर भावाभावांचं नातं मॉडेलला कळतं. आर मध्ये ते एवढंच आहे:

```
library(lmerTest)
m <- lmer(log(count + 1) ~ habitat + (1 | site), data = d)
anova(m)
```

पण यातून जादू होत नाही. प्रत्येक जागी सारखेच कोअर असतील, तर याचं उत्तर जागांच्या सरासरीवरच्या टी-टेस्टसारखंच येतं आणि मुक्ततेचे अंशही सहाच्या आसपास येतात. (इथे लॉग प्रत्येक कोअरचा घेतला आहे, सरासरीचा नाही, म्हणून आकडा किंचित वेगळा दिसेल.) मॉडेलने ६० अंश दाखवले तर बहुधा `site` च्या कॉलममध्ये गडबड आहे. बहुतेक वेळा जंगलातल्या आणि बागेतल्या जागांना १ ते ४ असे तेच क्रमांक दिलेले असतात आणि मॉडेल ‘जंगल १’ व ‘बाग १’ ही एकच जागा समजतं. नावंच वेगळी ठेवा: `Y1`, `Y2`, `B1`, `B2`.

मोजणीसाठी निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल जास्त शोभतं, हेही खरं. मात्र `glmmTMB` च्या सारांशातला पी झेड-मूल्यावरून येतो आणि जागा फक्त आठ आहेत याची दखल तो घेत नाही. त्यामुळे तो जरा जास्तच आशावादी असतो. ते मॉडेल दिलंत तर हे वाक्यही द्या, नाहीतर दुसऱ्या फेरीत तोच शेरा परत येईल.

एका जागी आठच कोअर का? दुसरा रिव्ह्यूअर सोळा हवे होते म्हणतो.

इथे रिव्ह्यूअरशी सभ्यपणे असहमत होता येतं, आणि हिशेब तुमच्या बाजूने आहे.

आपल्या उदाहरणात जागा-जागांमधला खरा फरक (व्हेरियन्स) साधारण २२ निघतो आणि एकाच जागेतल्या कोअर-कोअरमधला १०४. एका जागेच्या सरासरीची अनिश्चितता म्हणजे १०४ भागिले कोअरची संख्या, आणि त्यात अधिक २२. आठ कोअरना ती ३५ होते. सोळा केले तर २९. म्हणजे फनेलवरचं काम दुप्पट होऊन हाती फारसं लागत नाही, कारण तो २२ चा आकडा कितीही कोअर काढले तरी हलत नाही.

आता ६४ कोअरच ठेवा, पण चाराऐवजी आठ-आठ जागा घ्या आणि प्रत्येक जागी चारच कोअर काढा. फरकाची प्रमाण-त्रुटी ४.२० वरून सुमारे ३.५ वर येते. चार-चार जागांवर सोळा कोअर काढून, म्हणजे एकूण १२८ करून, ती ३.८ पर्यंतच उतरली असती. शिवाय मुक्ततेचे अंश ६ वरून १४ होतात ते वेगळंच. निम्म्या कष्टात जास्त फायदा.

तेव्हा उत्तर असं: ‘आमच्या आकड्यांनुसार कोअर वाढवण्यापेक्षा जागा वाढवणं परिणामकारक ठरलं असतं, हिशेब पुरवणी तक्त्यात दिला आहे. जागा कमी होत्या ही मर्यादा चर्चेत मांडली आहे.’ यात रिव्ह्यूअरला चूक म्हटलेलं नाही आणि स्वतःची खरी कमजोरीही झाकलेली नाही. हा तक्ता बघून पुढच्या वर्षी तुमचा ज्युनियर तरी सुधारेल.

‘जागा रँडम निवडल्या नाहीत’ असं लिहिलंय. सोसायटीचे सेक्रेटरी ‘हो’ म्हणतील तिथेच जाता येतं, हे त्यांना कसं सांगायचं?

जसं आहे तसं. वॉचमनपासून कमिटीपर्यंतची कहाणी पत्रात नको, आकडे हवेत: किती सोसायट्यांना विचारलं, कितींनी नाही म्हटलं, कितींनी उत्तरच दिलं नाही. ते मोजून ठेवलं नसेल तर तसं कबूल करा.

दोन पातळ्या वेगळ्या लिहा. जागांची निवड परवानगीवर झाली, ती रँडम नव्हती. पण निवडलेल्या जागेच्या आत कोअर कुठे घ्यायचा हे तरी रँडम होतं का? बागेचा चौकोन आखून यादृच्छिक आकड्यांनी बिंदू काढले असतील तर ते ठासून सांगा. ‘रँडमली घेतले’ असं लिहून प्रत्यक्षात जिथे माती मऊ दिसली तिथे कोअर ठोकला असेल, तर तो शब्द काढा. येऊरमध्ये हे फार होतं. माती उथळ आणि दगडाळ, १० सेंमीच्या आतच काळा दगड टण्णकन लागतो, मग आपण दोन पावलं सरकतो. सरकायला हरकत नाही, पण सरकायचा नियम लिहून ठेवलेला असावा: ‘दगड लागल्यास उत्तरेला एक मीटर’. नाहीतर तुमचं जंगल म्हणजे जंगलातली फक्त खोल, ओलसर माती ठरते आणि बागेपेक्षा ती श्रीमंत दिसणारच.

परवानगी देणाऱ्या सोसायट्या बहुधा बागेची काळजी घेणाऱ्या, कंपोस्ट करणाऱ्या असतात, हाही एक कल आहे. तो तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध दिशेला ढकलतो (बागा खऱ्यापेक्षा चांगल्या दिसतात). हे पत्रात जरूर लिहा. कल कुठल्या दिशेचा हे सांगणारं एक वाक्य ‘ही मर्यादा आहे’ अशा चार वाक्यांना भारी पडतं.

‘चारही जंगल-जागा एकाच डोंगरावर आहेत’ या शेऱ्याला काय उत्तर?

याला विश्लेषणातून उत्तर नाही.

येऊरच्या चार जागा म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या उताराचे चार तुकडे. उतार तोच, खडक तोच, पाऊसही जवळपास तोच. बागा मात्र सपाटीवर आणि त्यांची माती बहुतेक वेळा ट्रकमधून आलेली लाल माती, खाली भराव. नवी मुंबईत नमुने घेतलेत तर खाडीलगतच्या नोडमध्ये हा भराव आणखी ठळक दिसेल. मग सापडलेला फरक ‘जंगल विरुद्ध बाग’ असा आहे, की ‘डोंगर विरुद्ध सपाटी’, की ‘जागची माती विरुद्ध आणलेली माती’? तुमच्या आराखड्यात हे तिन्ही एकाच गाठीत बांधले गेले आहेत. पीएच आणि सेंद्रिय कर्ब मॉडेलमध्ये घालून गाठ सुटली असं भासवू नका. जंगलातले आणि बागेतले आकडे एकमेकांवर येतच नसतील तर मॉडेल नुसते अंदाज ठोकत असतं.

शीर्षक बदला. ‘शहरीकरणाचा मातीतल्या जिवांवर परिणाम’ हे तुम्ही तपासलेलंच नाही. ‘येऊरच्या जंगलातील आणि ठाण्यातील निवडक बागांतील कोलेंबोलांची तुलना’ हे तपासलं आहे. मुलांना शीर्षक बारीक करायला फार जिवावर येतं, पण मी संपादकांकडून पेपर परत आलेले पाहिले आहेत ते बहुतेक या एका हट्टापायी. पुढे कधी पारसिकच्या टेकडीवर आणि तिथल्याच उतारावरच्या बागांत जोडीजोडीने नमुने घेतलेत तर ही गाठ थोडी सैल होईल. ते ‘पुढील काम’मध्ये लिहा, पण निष्कर्षात नको.

फनेलबद्दल शंका आहे: ‘सगळे जीव बाहेर आले हे कशावरून?’ सॅम्पलिंगचा प्रश्न आणि फनेलचा काय संबंध?

आहे. फनेलमधून निघालेली संख्या म्हणजे मातीतली संख्या नव्हे. वरून दिव्याची ऊब लागते, माती वरून वाळत जाते, जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि खालच्या स्पिरिटच्या बाटलीत पडतात. ज्यांना चालता येत नाही, उदाहरणार्थ अंडी, ती येत नाहीत. दिवा फार जोरात असेल तर बाकीचेही वाटेतच वाळून मरतात.

सगळीकडे सारखेच कमी येत असतील तर तुलना टिकते. अडचण तेव्हा होते जेव्हा जंगलाची भुसभुशीत माती जीव सहज सोडते आणि बागेची चिकट, दाबलेली माती वाळताना ढेकूळ होऊन त्यांना आतच कोंडते. मग फरक मातीतला नाही, फनेलमधला. तपासायची सोय आहे: फनेलनंतर उरलेल्या मातीतून काही कोअर घेऊन मिठाच्या घट्ट द्रावणात ढवळा, वर तरंगलेले जीव मोजा आणि किती टक्के मागे राहिले होते ते दोन्ही प्रकारच्या मातीसाठी द्या. उरलेली माती टाकून दिली असेल (बहुतेकांनी टाकलेली असते), तर ही चाचणी झाली नाही असं साधं लिहा.

आणखी एक गोष्ट रिव्ह्यूअरने विचारली नसली तरी स्वतःच तपासा. जंगलाचे सगळे कोअर एका आठवड्यात आणि बागांचे दुसऱ्या आठवड्यात फनेलवर चढले होते का? माझ्याकडे एकदा असंच झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री वीज गेली आणि त्या तुकडीत संख्या पडली. तुकडी आणि अधिवास एकच असल्यामुळे पडझड कशाची हे आजही मला सांगता येणार नाही. प्रत्येक तुकडीत दोन्हीकडचे कोअर असावेत.

‘दर चौरस मीटरला १०,७०० कोलेंबोला’ हा आकडा त्यांना खटकला आहे. गुणाकार तर बरोबर आहे.

गुणाकार बरोबर आहे. कोअरचं तोंड १९.६ चौरस सेंमीचं, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये असे ५०९ कोअर, गुणिले २१. पण प्रत्येक चूकही ५०९ पटींनी वाढली. आकडा ठेवा, शेजारी पल्ला द्या आणि शतकाच्या अचूकतेने लिहू नका. ‘सुमारे ११ हजार’ पुरे.

पत्राची मांडणी कशी असावी?

रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं, खाली उत्तर, खाली बदल कुठल्या ओळीत केला ते. शेरा गाळू नका, दोन शेरे एकत्र करू नका. ‘मौल्यवान सूचनेबद्दल शतशः आभार’ दर मुद्द्याला नको, सुरुवातीला एकदा बास. आणि एकच मुद्दा दोघांनी काढला असेल (स्यूडोरेप्लिकेशन हमखास दोघं काढतात), तर पूर्ण उत्तर एकदा देऊन दुसऱ्या ठिकाणी ‘परीक्षक १, मुद्दा २ पाहावा’ असं लिहिताना निष्कर्षाचं एक वाक्य तिथेही ठेवा. दुसऱ्या परीक्षकाला पानं उलटायला लावू नये.

‘आणखी जागा घ्या’ असं सांगितलंय, मुदत ६० दिवसांची आणि आता फेब्रुवारी आहे. पटकन चार बागा करून टाकू?

नको. तुमचे कोअर पावसाळ्यातले आहेत. फेब्रुवारीत येऊरची माती कोरडी, भेगाळलेली असते. कोलेंबोलांना ओलावा लागतो, त्यामुळे वरच्या १० सेंमीत ते कमी सापडणार. बागांना मात्र रोज पाइपने पाणी असतं. नव्या जागा फक्त बागांच्या घेतल्यात तर ऋतू आणि अधिवास यांची नवीच गाठ बसेल. दोन्हीकडच्या घेतल्यात तर तो वेगळ्या ऋतूतला वेगळा अभ्यास होईल, जुन्यात मिसळता येणार नाही.

दोनच रस्ते आहेत. एक, दावा बारीक करून आहे त्याच आकड्यांवर पेपर परत पाठवणं. दुसरा, जुलैपर्यंत थांबून आठ नव्या जागा, चार जंगलात आणि चार बागांत, त्याच कोअरने आणि त्याच फनेलवर घेणं आणि वर्ष हा घटक मॉडेलमध्ये ठेवणं. त्यासाठी वनखात्याची परवानगी आधी संपत नाही ना ते बघा. नवीन अर्जाला वेळ लागतो. दुसरा रस्ता धरणार असाल तर मुदतवाढीचा ईमेल संपादकांना आजच करा. साठाव्या दिवशी, पत्रासोबत नव्हे.